फी घेतली फेब्रुवारीत, शिकवायचे जानेवारीपर्यंत: निवृत्त होणाऱ्या भागीदाराच्या हिशेबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका पेठेत दोन शिक्षकांची भागीदारी फर्म स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवत होती. जुलै २०२३ पासून वरच्या मजल्यावर त्यांनी साठ जागांची अभ्यासिकाही सुरू केली. दोघांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. आपण त्यांना थोरले सर आणि धाकटे सर म्हणू.

मार्च २०२३ अखेरपर्यंत दोघांचा नफा निम्मा-निम्मा होता. थोरल्या सरांनी तब्येतीमुळे तास कमी केले, म्हणून १ एप्रिल २०२३ पासून त्यांचा वाटा ४० टक्के आणि धाकट्या सरांचा ६० टक्के ठरला. पुढे वर्षभरात थोरल्या सरांनी पूर्णच थांबायचे ठरवले. ३१ मार्च २०२४ रोजी त्यांनी निवृत्त व्हावे, त्या दिवसाच्या भांडवल खात्यावरची शिल्लक आणि वर्षाच्या नफ्यातला वाटा घ्यावा, एवढे दोघांनी आपसांत बोलून घेतले होते. नावलौकिकाची रक्कम आधीच ठरली होती. माझ्याकडे काम आले ते हिशेब पुरे करून आकडा काढण्याचे.

खाती टॅलीत होती आणि लिहिणाऱ्या ताई काटेकोर होत्या. एकही पावती गहाळ नव्हती. मात्र उत्पन्नाची नोंद त्या पैसे आले त्याच दिवशी करत. खर्चाच्या बाजूला तसे नव्हते. मार्चचे पगार, वीजबिल, छपाईवाल्याचे देणे हे सगळे ३१ मार्चला देणे म्हणून धरलेले होते. म्हणजे खर्च व्यापारी पद्धतीने आणि उत्पन्न रोखीने. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे रोख किंवा व्यापारी, यांपैकी एकच पद्धत नियमितपणे वापरावी लागते. दोन्हींची सरमिसळ चालत नाही. भागीदारीपत्रातही व्यापारी पद्धत लिहिलेली होती. आजवर नफा दोघांनाच वाटून जायचा आणि कोणी बाहेर पडत नव्हते, त्यामुळे ही सरमिसळ कोणाला टोचली नव्हती.

अडचण

ताईंनी दिलेल्या तेरजेवरून, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीवरून, नफा २७,००,००० रुपये निघत होता. त्यातले ४० टक्के म्हणजे १०,८०,००० रुपये थोरल्या सरांचे. (या प्रकरणातले सगळे नफ्याचे आकडे फर्मच्या आयकराआधीचे आणि जीएसटी वगळून आहेत.)

धाकट्या सरांनी तो आकडा पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: "१ फेब्रुवारीची बॅच मला पुढच्या जानेवारीपर्यंत शिकवायची आहे. व्याख्यात्यांचे मानधन मी देणार, जागेचं भाडं मी देणार. मग त्या फीचे ४० टक्के आज कसे जातील?"

थोरल्या सरांचे उत्तरही तयार होते. पावतीवर स्पष्ट छापले आहे की, एकदा भरलेली फी परत मिळणार नाही. पैसे बँकेत आलेत, परत द्यायचे नाहीत, मग ते कमावलेलेच आहेत.

या वाक्यापाशी बरेच जण अडखळतात, म्हणून थोडे थांबतो. परत न करण्याची अट एवढेच सांगते की विद्यार्थ्याने मध्येच सोडले तर त्याला पैसे मागता येणार नाहीत. शिकवण्याची जबाबदारी त्या अटीने संपत नाही. ३१ मार्चला फर्मवर दहा महिने शिकवण्याचे देणे होते. पैशाच्या रूपात नसले तरी देणेच. लेखा मानक ९ मध्ये तर शिकवणी फीचे उदाहरणच दिलेले आहे: शिकवण्याच्या कालावधीवर ती उत्पन्न म्हणून ओळखावी.

थोरल्या सरांचा मुद्दा एका ठिकाणी मात्र पूर्ण बरोबर ठरला. त्या बॅचला ४१ जणांनी प्रवेश घेतला होता. एकाला मार्चमध्ये नोकरी लागली आणि त्याने वर्ग सोडत असल्याचे लिहून दिले. त्याला पैसे परत करायचे नव्हते आणि शिकवायचेही नव्हते. त्याच्याबाबतीत फर्मवर कसलेच देणे उरले नव्हते, म्हणून त्याची पूर्ण फी याच वर्षाचे उत्पन्न झाली. उरलेल्या ४० जणांबाबत तसे म्हणता येत नव्हते.

फी पुढे किती ढकलायची?

ढकलायची हे पटल्यावर किती हा प्रश्न आला, आणि खरा विचार इथे करावा लागला.

ताईंनी पहिली यादी पावत्यांवरून केली. प्रत्येक पावती ४२,४८० रुपयांची. ४१ जणांचे १७,४१,६८० रुपये, त्यांतले दहा-बारांश, म्हणजे १४,५१,४०० रुपये आगाऊ. यात दोन चुका होत्या. सोडून गेलेला विद्यार्थी त्यात होता, हे वर आलेच. दुसरी चूक जास्त वेळा होते. ४२,४८० मधले ६,४८० रुपये जीएसटीचे होते. सेवेसाठी आगाऊ पैसे मिळाले की त्यावरचा जीएसटी तेव्हाच भरावा लागतो, आणि तो फर्मने भरलाही होता. तो कधी फर्मचे उत्पन्न नव्हताच, तेव्हा उत्पन्नातून बाजूला काढण्याचा प्रश्नच येत नाही. फी धरायची ती ३६,००० रुपये.

मग ३६,००० चे बारा समान भाग करावेत का? दोघांशी बोलताना कळले की प्रवेशाच्या आठवड्यातच प्रत्येकाला छापील नोट्सचा संच दिला जातो आणि तोच संच बाहेरच्या विद्यार्थ्यांना ६,००० रुपयांना विकला जातो. विक्रीच्या वेगळ्या पावत्या होत्या, म्हणजे किंमत मनाने ठरवलेली नव्हती. संच फेब्रुवारीत देऊन झाला होता, छपाईचा खर्चही याच वर्षात पडला होता. तेव्हा ६,००० रुपये लगेच कमावलेले आणि ३०,००० रुपये बारा महिन्यांत कमवायचे, अशी फोड केली. या फोडीने थोरल्या सरांचा फायदा झाला. ती त्यांच्यासाठी केली असे धाकट्या सरांना वाटू नये, म्हणून मी विक्रीच्या पावत्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

महिन्यांऐवजी तासांवर वाटणी करावी, असे धाकट्या सरांनी सुचवले. पहिल्या दोन महिन्यांत तास कमी होतात आणि परीक्षेच्या आधी वाढतात, हे खरेच आहे. तासांवर केली असती तर आगाऊ रक्कम आणखी वाढली असती. पण झालेल्या तासांची वही तीन आठवड्यांपुरतीच नीट भरलेली होती आणि पुढच्या तासांचे वेळापत्रक कच्चे होते. मोजमापच डळमळीत असेल तर बारकाईचा उपयोग नाही. आयकराच्या उत्पन्न गणन मानकातही, ठरावीक मुदतीत अगणित छोट्या कृतींनी दिल्या जाणाऱ्या सेवेसाठी समान वाटणीची मुभा आहे. म्हणून महिनेच धरले.

४० विद्यार्थी, प्रत्येकी ३०,०००, बारापैकी दहा महिने बाकी: १०,००,००० रुपये.

अभ्यासिकेचे काम सोपे होते, फक्त कंटाळवाणे. जागेचे महिन्याला १,००० रुपये, सहा महिन्यांचे एकदम. प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या तारखेला, त्यामुळे सरासरी न काढता नावागणिक उरलेले महिने लिहिले. बेरीज १७२ महिने आली, म्हणजे १,७२,००० रुपये आगाऊ.

नोंदी अशा पडल्या:

वर्ग फी खाते नावे १०,००,०००
अभ्यासिका फी खाते नावे १,७२,०००
आगाऊ मिळालेली फी खाते जमा ११,७२,०००

हे शेवटचे खाते ताळेबंदात देणी बाजूला जाते. थोरल्या सरांना ते पचायला जड गेले. पैसे हातात असताना तेच देणे कसे, असे त्यांना वाटे. मी त्यांना विचारले, वर्ग उद्या दुसऱ्या कोणाला चालवायला दिला तर तो हे दहा महिने फुकट शिकवेल का? तो आधी हे पैसे मागेल. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण नंतर हा विषय त्यांनी काढला नाही.

कमावले होते, पण पुस्तकात नव्हते

आतापर्यंतचा हिशेब नफा कमी करणारा होता. दुसरी बाजूही तितक्याच नेटाने शोधायला हवी होती, नाहीतर निवृत्त होणाऱ्यावर अन्याय झाला असता.

फर्मने १ ऑक्टोबर २०२३ ला १५,००,००० रुपये ७.२ टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले होते. व्याज दर तिमाहीला ठेवीतच मिळवले जाणार आणि सगळे मुदतीनंतर हातात येणार. ताईंनी व्याजाची एकही नोंद केली नव्हती, कारण पैसे आलेच नव्हते. पण व्याज दिवसागणिक कमावले जाते. मुदत संपण्याची वाट पाहत नाही. पहिल्या तिमाहीचे २७,००० आणि दुसऱ्या तिमाहीचे, मिळवलेल्या व्याजासह, २७,४८६. एकूण ५४,४८६ रुपये येणे व्याज.

हे सापडले ते २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडचे करकपातीचे विवरण, पाहताना. तिथे बँकेने याच व्याजावर ५,४४९ रुपये टीडीएस कापल्याचे दिसत होते. पुस्तकात व्याज शून्य आणि २६एएसमध्ये व्याजावर कपात, म्हणजे काहीतरी राहून गेले आहे हे उघड होते. मग कापलेले पैसे कुठे गेले? बँकेने ते चालू खात्यातून वळते केले होते, २,७०० आणि २,७४९ असे दोनदा, आणि ताईंनी ते बँक खर्चात टाकले होते. मुदत ठेव असलेल्या फर्मच्या बँक खर्चात तिमाहीच्या शेवटी अशा अनोळखी रकमा दिसल्या तर आधी टीडीएसची शंका घ्यावी.

म्हणून दोन नोंदी केल्या. येणे व्याज खाते नावे ५४,४८६ आणि व्याज उत्पन्न खाते जमा तेवढेच. टीडीएस येणे खाते नावे ५,४४९ आणि बँक खर्च खाते जमा तेवढेच. व्याज कपातीआधीचे पूर्ण धरायचे. कापलेला कर हा खर्च नाही, ती सरकारकडची आपली जमा आहे. दोन्ही मिळून नफा ५९,९३५ रुपयांनी वाढला.

रविवारी मोठा हॉल एका संस्थेला सराव परीक्षांसाठी भाड्याने दिला जायचा, महिन्याला १५,००० रुपये. फेब्रुवारी-मार्चचे बिल करायचे राहिले होते. हॉल वापरून झाला होता आणि संस्था दर वेळी पैसे देत आली होती, म्हणून ३०,००० रुपये येणे भाडे धरले. बिल गेले असते तर हीच रक्कम त्या संस्थेच्या नावे ऋणकोंत दिसली असती. बिल गेले नव्हते म्हणून ती येणे उत्पन्नात आली. नफ्यावर परिणाम एकच.

एका रकमेवर मात्र मी नाही म्हणालो. एका महाविद्यालयासाठी चार रविवारांची कार्यशाळा ८०,००० रुपयांना ठरली होती आणि मार्चअखेर दोन रविवार झाले होते. थोरल्या सरांनीच ते घेतले होते, त्यामुळे ४०,००० रुपये येणे धरावेत असा त्यांचा आग्रह होता. काम झाले होते यात शंका नव्हती. पण ठराव तोंडी होता, पत्र नव्हते, आणि त्याच महाविद्यालयाकडची आदल्या वर्षीची रक्कम वादात अडकून कधी आलीच नव्हती. पैसे मिळतील की नाही हेच संशयात असेल तर लेखा मानक ९ उत्पन्न पुढे ढकलायला सांगते. इथे काम पूर्ण असूनही उत्पन्न धरता येत नाही, हे मेहनत केलेल्या माणसाला सांगणे सोपे नसते.

तिढा मागच्या वर्षाचा

इथवरच्या समायोजनांनी नफा २७,००,००० वरून १६,१७,९३५ वर आला. थोरल्या सरांचा वाटा ६,४७,१७४. हा तक्ता मी दोघांना पाठवला आणि तिथेच चूक केली.

रात्री ताळेबंद जुळवताना लक्षात आले की ३१ मार्च २०२३ च्या ताळेबंदात आगाऊ फी नावाचे खातेच नाही. पण बॅच तर दर फेब्रुवारीत सुरू होते. म्हणजे फेब्रुवारी २०२३ च्या बॅचची सगळी फी त्या वर्षाच्या नफ्यात गेली होती आणि तिचे दहा महिन्यांचे शिकवणे मात्र २०२३-२४ मध्ये झाले होते. मी या वर्षाच्या शेवटची फी बाहेर काढली होती, पण सुरुवातीची आत आणलीच नव्हती. त्यामुळे या वर्षाला सहा-आठ महिन्यांच्याच नव्हे, जवळजवळ एका पूर्ण बॅचच्या फीची तूट दिसत होती.

आधीच्या बॅचला ३० विद्यार्थी होते आणि नोट्स वगळून शिकवण्याची फी २५,०००. दहा महिन्यांचे ६,२५,००० रुपये होतात. उलट बाजूला, मार्च २०२३ चे हॉलचे १५,००० रुपये एप्रिलमध्ये मिळून या वर्षात आले होते, ते मागच्या वर्षाचे. फरक ६,१०,००० रुपयांचा.

दोन्ही वर्षांत वाटा सारखा असता तर ही दुरुस्ती करून कोणाच्याही पदरात एक रुपयाचा फरक पडला नसता. मागच्या नफ्यातून निघणारे या वर्षाच्या नफ्यात त्याच प्रमाणात परत आले असते. पण प्रमाण बदलले होते. मागच्या वर्षी थोरल्या सरांना या ६,१०,००० पैकी निम्मे, म्हणजे ३,०५,००० मिळून गेले होते. या वर्षाच्या प्रमाणात त्यांना २,४४,००० मिळायला हवे होते. फरक ६१,००० रुपये, आणि तो त्यांच्या विरुद्ध जाणारा.

दुरुस्तीनंतर या वर्षाचा नफा २२,२७,९३५ झाला, त्यांचा वाटा ८,९१,१७४. पण भांडवल खात्यातून मागचे ३,०५,००० वजा, म्हणून निव्वळ ५,८६,१७४. पाठवलेल्या तक्त्यापेक्षा ६१,००० कमी.

काय करता आले असते?

पहिला मार्ग, मागचे ताळेबंद सह्या होऊन बंद झालेत, त्यांना हात लावू नये. थोरले सर हेच म्हणत होते, आणि त्यात तथ्य होते. दुसरा, या वर्षीही सगळे रोखीनेच ठेवावे, म्हणजे दहा लाखांचा प्रश्नच नको. तो मार्ग भागीदारीपत्राच्या विरुद्ध होता, आणि तसे करायचे तर खर्चाचीही देणी काढून टाकावी लागली असती. तिसरा, दोन्ही टोके दुरुस्त करायची.

मी तिसऱ्याची शिफारस केली. दोघांसमोर एका कागदावर एवढेच मांडले की, एप्रिल २०२३ ते जानेवारी २०२४ या दहा महिन्यांत ती जुनी बॅच कोणी किती शिकवली. ६०-४० चे प्रमाण नेमके त्याच श्रमासाठी ठरले होते. थोरले सर कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वाटा कमी मीच मागून घेतला होता. त्या महिन्यांचं त्यांचंच आहे."

त्यांनी एक अट घातली. महाविद्यालयाचे पैसे ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत आले, तर मार्चपूर्वीच्या दोन रविवारांच्या हिश्शात त्यांना ४० टक्के मिळावेत. धाकट्या सरांनी लगेच मान्य केले. ती ओळ निवृत्तीच्या करारात लिहून घेतली.

मागच्या वर्षी ६,१०,००० वर आयकर भरून झाला होता. तीच रक्कम या वर्षाच्या नफ्यात आली म्हणून तिच्यावर पुन्हा कर बसू नये, यासाठी करसल्लागारांना वेगळे टिपण दिले.

पुढे काय झाले

थोरल्या सरांचे पैसे दोन हप्त्यांत मिळाले. महाविद्यालयाने ऑगस्टमध्ये चारही रविवारांचे मिळून ५०,००० रुपयेच दिले. त्यातले मार्चपूर्वीचे २५,०००, आणि त्याचे ४० टक्के म्हणजे १०,००० रुपये थोरल्या सरांना गेले. आधीच ४०,००० धरले असते तर त्यांना १६,००० देऊन बसलो असतो आणि ६,००० परत मागायची वेळ आली असती.

नव्या वर्षात एक चूक झाली. १० एप्रिलला हॉलचे ३०,००० रुपये आले आणि ताईंनी सवयीने ते भाडे उत्पन्नात जमा केले. ते तर मार्चमध्येच उत्पन्न धरले होते. आता फक्त येणे भाडे खाते मिटवायचे होते. मे महिन्यात तेरीज पाहताना पैसे येऊनही येणे भाड्याची शिल्लक हललेली नव्हती, त्यावरून कळले. आगाऊ फीचे तसे झाले नाही, कारण १,००,००० रुपये दर महिन्याला त्या खात्यातून वर्ग फीत वळवण्याची नोंद आम्ही आधीच लावून ठेवली होती.

आज करायचे तर काय वेगळे करीन

सुरुवातीची शिल्लक आधी तपासीन आणि शेवटचा तक्ता नंतर पाठवीन. अपुरा आकडा हातात पडल्यावर तो ६१,००० ने खाली आला, तेव्हा थोरल्या सरांच्या मनात दोन दिवस जो संशय राहिला तो माझ्या घाईमुळे. मागच्या ताळेबंदात आगाऊ उत्पन्नाचे खाते नाही आणि धंदा मात्र आगाऊ फीचा आहे, एवढे पाहायला पाच मिनिटे लागली असती.

पावतीतही बदल करून घेतला. आता प्रत्येक पावतीवर फी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची हे छापलेले असते, आणि नोट्सची किंमत वेगळ्या ओळीत असते. मार्च २०२५ ची आगाऊ फी ताईंनी एकट्यांनी काढली. मी ती विद्यार्थी पटाशी ताडून पाहिली तेव्हा एका नावाचा फरक निघाला. तो मुलगा फेब्रुवारीतच सोडून गेला होता, पण त्याचा अर्ज फाइलमध्ये नव्हता. तो अर्ज येईपर्यंत त्याची फी आगाऊमध्येच ठेवली.